भाड्याची पावती: कोणत्या मुदतीची, किती रकमेची, कशी मिळाली?

‘जुलै महिन्याचे भाडे रु. १४,५०० मिळाले.’ खाली सही आणि तारीख. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पावती पुस्तकातल्या बहुतेक भाडेपावत्या अशाच एका ओळीच्या असतात आणि घेणारा-देणारा दोघेही समाधानाने त्या खिशात घालतात. वाद होत नाही तोवर ही ओळ पुरेशी वाटते. वाद होतो तो सहसा घर सोडताना, अनामत रकमेचा हिशेब करायला बसल्यावर. तेव्हा कळते की या ओळीत ज्या गोष्टी पक्क्या वाटत होत्या, त्यातली एकही पक्की नाही.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक घोळ घरोघरी होणारा आहे. पुण्यातला एक छोटा फ्लॅट. ११ जानेवारी २०२५ ते १० डिसेंबर २०२५ असा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. महिन्याला १४,५०० रुपये, तेही आगाऊ. अनामत ५०,०००. सुरुवातीचे पाच महिने घरमालकीणबाई स्वतः पावती लिहीत. त्या ज्या महिन्यात पैसे हातात येत त्या महिन्याचे नाव घालत: ११ जानेवारीला मिळाले, तर ‘जानेवारी’. जूनपासून त्यांचा मुलगा पावत्या लिहू लागला. त्याने वेगळा विचार केला. ११ जून ते १० जुलै ही मुदत जुलैत संपते, म्हणून त्याने लिहिले ‘जुलै’. दोघांचीही पद्धत आपापल्या जागी ठीक होती. पण वर्षअखेरीस पावत्या मांडल्या, तर जानेवारी ते मे पाच आणि जुलै ते डिसेंबर सहा. एकूण अकरा, म्हणजे भाडे पूर्ण आले आहे. तरीही जूनची पावती कुठेच नाही. मुलगा म्हणतो जूनचे भाडे बुडाले, भाडेकरू म्हणतो सगळे दिले. एक जुनी पावती हरवली असती, तर अकरा मोजून दाखवण्याचा मार्गही बंद झाला असता आणि अनामतीतून १४,५०० रुपये वजा झाले असते.

म्हणून मुदत लिहिताना महिन्याचे नाव लिहू नये, दोन तारखा लिहाव्यात: ‘दि. ११ जून २०२५ ते १० जुलै २०२५, दोन्ही दिवस धरून’. महिना अक्षरात लिहावा. ११/०६ हे कुणी सहा नोव्हेंबर असेही वाचू शकतो, विशेषतः परदेशातल्या मालकाला पावतीचा फोटो गेला तर. वर्ष चारही आकड्यांनी लिहावे. ‘दोन्ही दिवस धरून’ हे तीन शब्द कंटाळवाणे वाटतात, पण पुढची मुदत ११ जुलैलाच सुरू होते, १० ला नाही, हे त्यांनी ठरते. ज्यांचे भाडे एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत आहे, त्यांनाही मी हाच सल्ला देईन. कारण तिथे दुसरा प्रश्न असतो: भाडे आगाऊ आहे की महिना संपल्यावर? ५ जुलैला दिलेले पैसे जूनचे की जुलैचे, हे करार वाचल्याशिवाय तिऱ्हाइताला समजत नाही. दोन तारखा लिहिल्या की करार उघडावा लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पावतीवर खरे तर तीन वेगवेगळ्या तारखा असतात: पैसे ज्या मुदतीसाठी दिले ती मुदत, पैसे प्रत्यक्ष मिळाले तो दिवस आणि पावती लिहिली तो दिवस. छापील पावतीवर ‘दिनांक’ म्हणून एकच जागा असते आणि तिथे यातली कोणती तारीख पडेल याचा नेम नसतो. तिन्ही वेगळ्या लिहिल्या की पावती चार दिवस उशिरा लिहिली तरी बिघडत नाही. भाडे मुदतीत दिले की उशिरा, हा वाद मिळाल्याच्या तारखेवर ठरतो.

मुदत मोघम राहिली तर कायदा काय करतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय करार कायदा, १८७२ याची ५९ ते ६१ ही तीन कलमे नेमकी यासाठी आहेत. एका माणसाकडून दुसऱ्याला एकाहून अधिक देणी असतील आणि पैसे देताना त्याने ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले, किंवा परिस्थितीवरून ते उघड असले, तर पैसे घेणाऱ्याने ते त्याच देण्यात जमा धरले पाहिजेत. काहीच सांगितले नाही आणि काही उघडही नाही, तर घेणाऱ्याला मुभा आहे: तो ते कुठल्याही वैध देण्यात धरू शकतो, अगदी मुदतबाह्य झालेल्या जुन्या देण्यातसुद्धा. दोघेही गप्प राहिले तर पैसे काळाच्या क्रमाने, सर्वांत जुन्या देण्यापासून जमा होतात.

आता आपल्या उदाहरणात भर घालू. ११ एप्रिल ते १० मे या मुदतीच्या भाड्यातले ४,००० रुपये द्यायचे राहिले होते. १२ जूनला भाडेकरूने १४,५०० रुपये दिले आणि ‘काकू, भाडं दिलंय हां’ एवढेच म्हटले. त्याच्या मनात जूनच्या मुदतीचे भाडे पूर्ण फिटले. घरमालकीणबाईंनी मनात हिशेब केला: आधीचे ४,००० वळते, उरलेले १०,५०० जूनच्या मुदतीचे. एकूण येणे दोघांच्याही हिशेबात ४,०००च. मग फरक काय? फरक असा की भाडेकरूच्या मते चालू भाडे वेळेवर आहे आणि एक जुनी बाकी आहे. घरमालकीणबाईंच्या मते जुनी बाकी संपली आहे आणि चालू भाडे थकले आहे. करारात उशिराबद्दल दंड असेल, किंवा थकबाकीची नोटीस द्यायची वेळ आली, तर या दोन वाचनांतून दोन वेगळे निकाल निघतात. हे एका वाक्यात टाळता येते: ‘११ एप्रिल ते १० मे २०२५ या मुदतीचे रु. ४,००० अद्याप बाकी आहेत. ते या रकमेत धरलेले नाहीत.’ किंवा उलट ठरले असेल तर तसे. बाकी लिहून द्यायला भाडेकरू कचरतात, मालकही संकोचतात. पण न लिहिलेली बाकी विसरली जात नाही. ती पुढे प्रत्येकाच्या मनात वेगळ्या आकड्याची होत जाते.

रकमेबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण चेक लिहिण्याच्या सवयीने ते आपल्याला येते. आकडा आणि अक्षर दोन्ही लिहावे. आकड्यानंतर ‘/-’ ही खूण आणि अक्षरांनंतर ‘फक्त’ लिहावे, म्हणजे पुढे काही जोडायला जागा राहत नाही. देवनागरी आकडे घाईत लिहिले की १ आणि ९ यांत गल्लत होते, म्हणून अक्षरी रक्कम सोडू नये. वीजबिल, सोसायटीचा देखभाल खर्च, अनामत यांतले काही त्याच दिवशी दिले असेल, तर ते भाड्यात मिसळून एकच बेरीज लिहू नये. अनामतीची तर पावती वेगळीच हवी. भाडे हे मालकाचे उत्पन्न असते, अनामत परत करायची असते.

खरा घोळ आता पैसे कसे दिले यात होतो. पूर्वी सगळे रोख होते, तेव्हा पावती हाच एकमेव पुरावा होता. आता अर्धे रोख, अर्धे फोनवरून असे सर्रास चालते आणि त्यातून एकाच रकमेचे दोन पुरावे तयार होतात. आपल्या भाडेकरूने १२ जूनला ९,५०० रुपये रोख दिले आणि ५,००० यूपीआयने पाठवले. पावतीवर लिहिले ‘रु. १४,५०० मिळाले’. आता त्याच्याकडे १४,५०० ची पावती आहे आणि शिवाय बँकेच्या उताऱ्यात त्याच दिवशी गेलेले ५,००० आहेत. दोन वर्षांनी कुणी मोजायला बसले, तर १९,५०० दिसतात. भाडेकरू लबाड असण्याची गरज नाही. त्यालाही तेव्हा आठवणार नाही. हेच उलटेही होते: मालक फक्त रोखीच्या ९,५०० ची पावती देतो, बँकेचे बँकेत दिसतेच म्हणून सोडून देतो, आणि पुढे त्या ५,००० ला वीजबिलाचे पैसे म्हणतो.

म्हणून पावतीत प्रत्येक भाग वेगळा लिहावा आणि शेवटी हे सगळे मिळून एकच रक्कम आहे असे स्पष्ट म्हणावे. बँकेतून आलेल्या भागासाठी तीन गोष्टी लागतात: कोणाच्या खात्यातून, कोणाच्या खात्यात आणि कोणत्या व्यवहार क्रमांकाने. भाडे बायकोच्या, भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून येणे नेहमीचे आहे. मालकही बऱ्याचदा मुलाचा क्यूआर कोड देतात. उताऱ्यावर मग भलतीच दोन नावे दिसतात आणि करारातल्या दोघांशी त्यांचा धागा जुळत नाही. तो धागा फक्त पावतीच जोडू शकते. व्यवहार क्रमांक लिहिताना काळजी घ्यावी: काही ॲप स्वतःचा एक वेगळा, अक्षरे मिसळलेला क्रमांक दाखवतात, पण यूपीआय आणि आयएमपीएस व्यवहाराचा बँका ओळखतात तो संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षर-आकड्यांचा आणि आरटीजीएसचा २२ चा असतो. म्हणजे क्रमांकाच्या लांबीवरूनच कळते की आपण बरोबर क्रमांक उतरवला की नाही.

मालकाने एक शिस्त पाळावी. भाडेकरूने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून पावती देऊ नये. स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी, मगच ‘मिळाले’ हा शब्द लिहावा. व्यवहार अडकतात, परत फिरतात, चुकीच्या खात्यात जातात. चेक असेल तर पावतीवर ‘चेक वटल्यावरच ही पावती ग्राह्य’ असे लिहून चेक क्रमांक, तारीख आणि बँक द्यावी. भाडेकरूनेही पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात नुसते ‘rent’ लिहू नये. आपल्या उदाहरणात शेरा असा हवा:

```
BHADE 11JUN-10JUL 2025
```

हा छोटा शेरा करार कायद्याने अपेक्षिलेले ‘हे पैसे कशापोटी’ हे सांगणे ठरू शकतो, कारण तो पैशांबरोबरच जातो. पण उताऱ्यात शेरा कधी अर्धवट छापला जातो, कधी छापलाच जात नाही. म्हणून पाठवल्यावर त्याच शब्दांचा एक संदेशही मालकाला करावा. रोखीच्या बाबतीत मात्र नोटा हातात देतानाच पावती घ्यावी. ‘पुढच्या खेपेला एकदम देतो’ हे ऐकू नये. रोखीला दुसरा साक्षीदार नसतो.

आता ती पावती पूर्ण लिहून पाहू. रिकाम्या जागी नावे, पत्ता आणि आकडे येतील:

‘पावती क्र. ६. लिहिल्याचा दिनांक १४ जून २०२५. श्री. ____ यांजकडून, फ्लॅट क्र. ____, ____, पुणे या जागेच्या दि. ११ जानेवारी २०२५ च्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार, दि. ११ जून २०२५ ते १० जुलै २०२५ (दोन्ही दिवस धरून) या एका महिन्याचे परवाना शुल्क म्हणजेच भाडे रु. १४,५००/-, अक्षरी रुपये चौदा हजार पाचशे फक्त, पुढीलप्रमाणे मिळाले. रोख रु. ९,५००/-, दि. १२ जून २०२५ रोजी. यूपीआयने रु. ५,०००/-, दि. १२ जून २०२५ रोजी, त्यांच्या पत्नी सौ. ____ यांच्या खात्यातून, शेवटचे चार अंक ____ असलेल्या माझ्या खात्यात, व्यवहार क्र. ____. हे दोन्ही मिळून वरील रु. १४,५००/- आहेत. दि. ११ एप्रिल ते १० मे २०२५ या मुदतीचे रु. ४,०००/- बाकी असून ते यात धरलेले नाहीत. वीजबिल व अनामत यांचा या पावतीशी संबंध नाही.’

खाली मालकाचे पूर्ण नाव आणि सही. मालकाच्या वतीने दुसरा कुणी सही करत असेल तर ‘____ यांच्या वतीने’ असे लिहून त्याचेही नाव. करारात जागेच्या पैशांना जो शब्द असेल तोच पावतीत आधी घालावा, म्हणून वर ‘परवाना शुल्क’ आहे. पावतीला अनुक्रमांक हवा आणि पुस्तकात तिची स्थळप्रत हवी. नंबर लागोपाठ असले की मधली पावती हरवली हे कळते आणि मागाहून घुसवलेलीही लपत नाही.

सहीच्या जागी रसीदी तिकीट लागते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतीय मुद्रांक कायद्याप्रमाणे ५,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे तिकीट लागते. बँकेतून आलेल्या रकमेला ते लागत नाही असे पुष्कळ ठिकाणी मानतात. माझे मत असे की एका रुपयासाठी ही चर्चा करू नये, तिकीट लावावे आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर करावी, म्हणजे ते तिकीट काढून पुन्हा वापरता येत नाही. तिकीट नसले म्हणून पावती रद्दी होत नाही. ज्याने तिकिटाशिवाय पावती दिली, त्याच्याविरुद्ध ती एक रुपया दंड भरून पुराव्यात दाखल करता येते, अशी त्या कायद्यात सोय आहे.

नोकरदारांची पावती घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी कचेरीत जाते, तीही जुन्या करपद्धतीत असतील तर. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो. मार्च जवळ आला की एका बैठकीत बारा पावत्या भरून, सगळ्यांवर ‘रोख’ लिहून सह्या घेतल्या जातात, जेव्हा प्रत्यक्षात पैसे फोनवरून गेलेले असतात. हे करू नये. खरे दिलेले भाडेसुद्धा अशा कागदाने संशयास्पद होते, कारण पावती म्हणते रोख आणि उतारा म्हणतो यूपीआय.

मोठ्या भाड्यात आणखी एक गुंता आहे. महिन्याला ५०,००० रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या साध्या व्यक्तीलाही भाड्यातून कर कापून सरकारकडे भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे आणि कपात दर महिन्याला नव्हे, तर वर्षाच्या किंवा वास्तव्याच्या शेवटच्या महिन्यात एकदम होते. समजा भाडे ६०,००० आहे. बारा महिन्यांचे ७,२०,०००, त्याचे दोन टक्के १४,४००. म्हणजे मार्चमध्ये मालकाच्या खात्यात ४५,६०० च येतील. मालकाने पावती ४५,६०० ची दिली तर कागदावर १४,४०० ची थकबाकी दिसते, जी मुळात नाही. पावती ६०,००० ची हवी आणि तीत ‘पैकी रु. १४,४००/- आयकर कपात, रु. ४५,६००/- खात्यात जमा’ असे हवे.

पावती चुकली तर खाडाखोड करू नये. चुकलेल्या पावतीवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहावे, दोघांनी सही करावी आणि नव्या क्रमांकाच्या पावतीत ‘ही पावती क्र. ६ च्या ऐवजी’ असे म्हणावे. नाहीतर एका महिन्याच्या दोन पावत्या हयात राहतात आणि पुन्हा तोच दुहेरी पुराव्याचा प्रश्न उभा राहतो.

मालक पावती द्यायलाच तयार नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या जागांना लागू आहे, तिथे मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे कलम ३१ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे आणि न दिल्यास दंडाची तरतूद आहे. मुंबईच्या जुन्या चाळींत तर भाडेपावती हाच भाडेकरूचा मुख्य कागद. वडिलांच्या पश्चात ‘पावती नावावर करून घेणे’ हे तिथे घर टिकवण्याचेच काम असते. भाडे नाकारणाऱ्या मालकाला अशा चाळींतले भाडेकरू मनीऑर्डर करत आणि ती ‘नाकारली’ अशा शेऱ्यासह परत आली की पोस्टाचा कागद जपून ठेवत. त्याला कारण आहे. भाडे थकल्याच्या कारणावरून जागा परत मागण्याआधी मालकाला लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, आणि भाडेकरू भाडे देण्यास तयार व राजी होता की नाही हा त्या दाव्यातला मुख्य प्रश्न असतो.

आज हेच काम बँकेच्या ट्रान्सफरने आणि स्पीड पोस्टने पाठवलेल्या एका छोट्या पत्राने होते. त्यात तक्रारीचा सूर नको. तीच तीन माहितीची वाक्ये हवीत, फक्त देणाऱ्याच्या बाजूने: ‘दि. ११ जून २०२५ ते १० जुलै २०२५ या मुदतीचे भाडे रु. १४,५००/- मी दि. १२ जून २०२५ रोजी आपल्या खात्यात व्यवहार क्र. ____ ने जमा केले आहे. हे इतर कोणत्याही देण्यापोटी नाही. कृपया पावती द्यावी.’ पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि बँकेचा उतारा एकत्र टाचून ठेवावा.